समभाग मेथनॉल आणि सायक्लोहेक्झेन: एकाच आकड्यावरून थर कधी होतील ते काढणे

महापे किंवा रबाळ्याच्या एखाद्या लॅबमध्ये, एसी 25 अंशांवर असताना, परीक्षानळीत 5 मिली मेथनॉल आणि 5 मिली सायक्लोहेक्झेन घेऊन हलवले तर मिश्रण पांढुरके होते. थोडा वेळ तसेच ठेवले की दोन थर दिसू लागतात. नळी 50 अंशांच्या पाण्यात धरली की तेच मिश्रण काचेसारखे स्वच्छ होते, आणि गार केले की पुन्हा गढूळ. कोणत्या तापमानाला आणि कोणत्या प्रमाणाला हे होईल, ते एकाच आकड्यावरून काढता येते का, हा या लेखाचा विषय. उत्तर बरेचसे ‘हो’ आहे. पण तो आकडा कुठून घेतला, याला फार महत्त्व आहे.

हिशेबातल्या दोन बाजू

दोन द्रव एकत्र केले की मुक्त ऊर्जेत दोन गोष्टींची भर पडते. पहिली एन्ट्रॉपीची. रेणू एकमेकांत विखुरले की एन्ट्रॉपी वाढते आणि त्यामुळे मुक्त ऊर्जा नेहमी कमीच होते. दुसरी आहे अतिरिक्त मुक्त ऊर्जा, म्हणजे आदर्श मिश्रणापेक्षा जास्तीची जी काही भर असेल ती. मेथनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. सायक्लोहेक्झेन मध्ये घुसले की ते बंध तुटतात आणि त्याची किंमत मोजावी लागते. ही किंमत मांडायची सर्वांत साधी रीत अशी:

```
GE / RT = A · x1 · x2
ΔG / RT = x1 ln x1 + x2 ln x2 + A · x1 · x2
```

GE ही अतिरिक्त मुक्त ऊर्जा, x1 आणि x2 हे अनुक्रमे मेथनॉल आणि सायक्लोहेक्झेनचे मोल-अंश, आणि A हा तो एकमेव आकडा. व्हिएन्नाच्या मॅक्स मार्ग्युलेस यांनी 1895 मध्ये या धर्तीची समीकरणे मांडली, म्हणून याला एकपदी मार्ग्युलेस म्हणतात. A ला तापमानाशी जोडायचे असेल तर A = w/RT लिहून w स्थिर धरतात. w ज्यूल प्रति मोलमध्ये असतो, A ला एकक नाही. सक्रियता गुणांकही यातूनच सरळ निघतो: ln γ1 = A · x2². म्हणजे अफाट सायक्लोहेक्झेनमधला मेथनॉलचा एकटा रेणू e^A पट ‘बेचैन’ असतो. A = 2 असेल तर सुमारे 7.4 पट.

x1 आणि x2 ची अदलाबदल केली तरी सूत्र तेच राहते. म्हणजे आलेख अर्ध्यावर आरशासारखा सममित असणार. हे सूत्राचे सोयीचे अंग आहे आणि दुखणेही तेच आहे.

चिन्ह नव्हे, आकार बघा

बरेच विद्यार्थी असे धरून चालतात की ΔG धन झाला की द्रव वेगळे होतात आणि ऋण असेल तर मिसळतात. हे चूक आहे, आणि ही चूक नीट समजली की पुढचे सगळे सोपे जाते.

आकडे घालून बघू. या जोडीचे क्रिटिकल तापमान, म्हणजे ज्याच्या वर कोणत्याही प्रमाणात थर होत नाहीत ते, सुमारे 45 अंश सेल्सिअस आहे. हिशेबासाठी 318.5 केल्विन धरू. त्यावरून w येतो 5296 ज्यूल प्रति मोल (कसा, ते लगेच येईल). 25 अंशांना म्हणजे 298.15 केल्विनला RT = 2479 ज्यूल, म्हणून A = 2.1365. आता निम्मे-निम्मे मोल घेतलेले एक मोल मिश्रण घ्या. एन्ट्रॉपीने 1718 ज्यूल खाली ओढले, अतिरिक्त ऊर्जेने 1324 ज्यूल वर उचलले. निव्वळ ΔG = −394 ज्यूल, म्हणजे चांगला ऋण. तरीही या सूत्राप्रमाणे हे मिश्रण दोन थर करणारच.

कारण त्याच्यासमोर फक्त ‘वेगळे शुद्ध द्रव’ हाच पर्याय नाही. एका थरात 0.287 मोल-अंश मेथनॉल आणि दुसऱ्यात 0.713, असे विभागले तर ΔG आणखी खाली जातो. किती खाली? एका मोलमागे फक्त 8 ज्यूल. हा 8 चा आकडा लक्षात ठेवा. 1700 आणि 1300 च्या झटापटीत निकाल 8 ने लागतो, म्हणून या जोडीत चिमूटभर अशुद्धीनेही चित्र पालटते.

आलेखाच्या भाषेत सांगायचे तर ΔG चा पाळणा मध्यभागी थोडा फुगतो आणि एका खळग्याच्या जागी दोन होतात. हा फुगवटा कधी सुरू होतो ते वक्रतेवरून कळते. ΔG/RT चे दुसरे अवकलन करा:

```
1/(x1 · x2) − 2A
```

हे सगळीकडे धन असेल तर आलेख सगळीकडे वर तोंड करून आहे आणि मिश्रण एकसंध. पहिल्या पदाची सर्वांत कमी किंमत x = 0.5 ला, म्हणजे 4. म्हणून 4 − 2A शून्य झाले की सुरुवात झाली: A = 2. A = w/RT मध्ये हे घातले की w = 2·R·Tc = 2 × 8.314 × 318.5 = 5296. वरचा आकडा इथून आला.

बायनोडल काढताना: उलट्या दिशेने जा

आता दोन थरांची संघटने. वेगवेगळ्या तापमानांना ती जोडून जी रेषा मिळते, ती बायनोडल. नियम असा की दोन्ही थरांत प्रत्येक घटकाची रासायनिक क्षमता सारखी हवी, म्हणजे आलेखाला दोन बिंदूंवर एकच स्पर्शरेषा हवी. आपला आलेख सममित असल्यामुळे ही स्पर्शरेषा आडवीच असते, आणि म्हणून इथे पहिले अवकलन शून्य एवढीच अट पुरते:

```
ln((1 − x)/x) = A · (1 − 2x)
```

ही सवलत फक्त एकपदी सूत्रालाच आहे. उद्या दोन पदांचे सूत्र वापरायला घेतले आणि तिथेही ‘अवकलन शून्य’ करत बसलात, तर चुकीची उत्तरे येतील आणि ती दिसायला ठीकठाक असतील.

दिलेल्या A वरून x काढायला गेलात की दोन अडचणी येतात. एक, x = 0.5 हे उत्तर या समीकरणाला कायमच चालते, आणि एक्सेलच्या गोल सीकला 0.5 च्या जवळून सुरुवात दिली तर तो तिथेच जाऊन बसतो. दोन, कॅल्क्युलेटरवर तेच तेच सूत्र पुन्हा पुन्हा लावून उत्तराकडे सरकायचे म्हटले, तर A 2 च्या जवळ असताना चाल मुंगीची होते. 2.1365 ला प्रत्येक फेरीत चूक जेमतेम 13 टक्क्यांनी घटते.

म्हणून उलटे करा. x आधी ठरवा, त्यावरून A काढा, A वरून तापमान. कोणतेही समीकरण सोडवावे लागत नाही.

```python
import math
w, R = 5296, 8.314
for x in (0.45, 0.40, 0.30, 0.20):
    A = math.log((1-x)/x) / (1-2*x)
    print(x, round(A, 3), round(w/(R*A) - 273.15, 1))
```

x = 0.45 ला साधारण 44 अंश, 0.40 ला 41, 0.30 ला 27.6 आणि 0.20 ला 2.5 अंश येतात. शेवटचा आकडा कागदावरचाच, कारण शुद्ध सायक्लोहेक्झेन 6.5 अंशांनाच गोठते. यादीत 0.5 टाकू नका, शून्याने भागाकाराची चूक येईल. तिथे A = 2 आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे.

बायनोडल आणि स्पायनोडल यांची गल्लतही नेहमीची. स्पायनोडल म्हणजे दुसरे अवकलन शून्य, x(1 − x) = 1/(2A). 25 अंशांना ते 0.374 आणि 0.626 येते, बायनोडलच्या आत. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात मिश्रणाला थर करायचे असतात, पण सुरुवातीचा थेंब जमायला वेळ लागतो. न हलवता गार केलेली नळी म्हणूनच कधी कधी एक-दोन अंश उशिरा गढूळ होते. थरांचे संघटन विचारले असेल तर उत्तर नेहमी बायनोडलवरून द्यायचे.

नळीत करून बघणे

मेथनॉल विषारी आहे आणि दोन्ही द्रव चटकन पेट घेतात. सायक्लोहेक्झेनचा फ्लॅश पॉइंट तर शून्याच्या बऱ्याच खाली आहे. काम फ्यूम हूडमध्ये, जवळ ज्योत नाही, तापवायला फक्त गरम पाण्याचे बाथ. नळ्या स्क्रू झाकणाच्या, झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर, आणि वर एक तृतीयांश जागा मोकळी. बाथ 50 अंशांच्या वर नेऊ नका. हे मिश्रण 54 अंशांच्या आसपास उकळते.

मोजमाप वजनाने करा. सूत्र मोल-अंशात आहे आणि हात मिलीच्या सवयीचा आहे, तिथेच घोटाळा होतो. मेथनॉलचा एक मोल सुमारे 41 मिलीचा, सायक्लोहेक्झेनचा 109 मिलीचा. 5 मिली अधिक 5 मिली हे ‘निम्मे-निम्मे’ वाटते, पण त्यात मेथनॉलचा मोल-अंश 0.73 असतो. खऱ्या समभागासाठी 2.14 ग्रॅम मेथनॉल आणि 5.61 ग्रॅम सायक्लोहेक्झेन घ्या. साधारण 10 मिली होते. अशाच आणखी चार-सहा नळ्या 0.2 ते 0.8 च्या दरम्यान बनवा.

नळी 50 अंशांना स्वच्छ होऊ द्या. मग बाथ हळूहळू गार होऊ द्या, मिनिटाला पाव अंशाहून जास्त नको, आणि नळी सारखी उलटीसुलटी करत राहा. गढूळ झाली ते तापमान लिहा. पुन्हा सावकाश तापवा, स्वच्छ झाली ते लिहा. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला तर घाई झाली असे समजा. थर्मामीटर बाथमध्ये असतो आणि नळीतला द्रव त्याच्या मागे रेंगाळत असतो.

समभागाच्या नळीत एक गोष्ट मुद्दाम बघा. गढूळ व्हायच्या अगदी आधी, अर्ध्या-एक अंशात, द्रवाला निळसर झाक येते. मागे काळा कागद आणि बाजूने टॉर्च धरला की ती स्पष्ट दिसते. ही क्रिटिकल ओपलेसन्स, म्हणजे आपण क्रिटिकल संघटनाच्या जवळ आहोत. आणखी एक खूण आहे: सीमारेषा नळीच्या मध्यावर उगवली तर संघटन बरोबर, तळाशी किंवा वरच्या टोकाशी उगवली तर एका बाजूला झुकलेले. मात्र थर बसायला वेळ द्या. दोन्ही द्रवांच्या घनतेत फरक नावापुरता आहे, त्यामुळे ढग चटकन विरत नाहीत. सायक्लोहेक्झेनचा थर वर येतो.

आकडा 45 ऐवजी बराच वर आला तर पहिला संशय पाण्यावर घ्या. पाणी मेथनॉलमध्ये विरघळते, सायक्लोहेक्झेनमध्ये जवळजवळ नाही, म्हणून ते दोघांमधली दरी वाढवते आणि क्रिटिकल तापमान वर ढकलते. वर सांगितलेले 8 ज्यूल आठवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत जो ओलावा असतो, त्यात मेथनॉलची बाटली दोन-चारदा उघडली तरी फरक दिसायला लागतो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की मेथनॉल किती कोरडे आहे हे सायक्लोहेक्झेनबरोबरच्या या तापमानावरून जोखण्याची पद्धतही वापरली गेली आहे. उपाय म्हणजे भट्टीत तापवून कोरडी केलेली 3A मॉलिक्युलर सिव्ह मेथनॉलच्या बाटलीत रात्रभर. 4A नको, तिच्या छिद्रांत मेथनॉलही शिरते. उलट आकडा 45 च्या बराच खाली आला, तर दोन्ही द्रवांत विरघळणारे काहीतरी मिसळले आहे. बहुतेक वेळा धुतलेल्या नळीत राहिलेला ॲसिटोन.

सूत्र कुठे तोकडे पडते

आता मोजलेले बिंदू आणि सूत्राची रेषा एकाच कागदावर काढा. माथ्याचे तापमान जुळेल, कारण w तिथूनच घेतला होता. खाली मात्र जुळत नाही. 25 अंशांना सूत्र म्हणते 0.29 आणि 0.71. प्रत्यक्षात सायक्लोहेक्झेनच्या थरात मेथनॉलचा मोल-अंश सुमारे 0.13 आणि मेथनॉलच्या थरात सुमारे 0.83 असतो. खरा वक्र माथ्यावर चपटा आहे, सूत्राचा टोकदार. क्रिटिकल तापमानाच्या फक्त एक अंश खाली सूत्र दोन थरांत 0.10 चे अंतर सांगते, प्रत्यक्षात ते साधारण पाव मोल-अंशाच्या घरात जाते. सूत्राप्रमाणे हे अंतर तापमानातील फरकाच्या 0.5 व्या घाताने वाढते, खरे द्रव सुमारे 0.326 व्या घाताने चालतात.

कारण त्या निळसर झाकेतच आहे. सूत्र धरून चालते की नळीत सगळीकडे प्रत्येक रेणूला सरासरी शेजार मिळतो. क्रिटिकल बिंदूजवळ तसे नसते. मेथनॉलने गच्च आणि मेथनॉलने विरळ असे टापू सतत बनत-मोडत असतात, आणि प्रकाश विखुरण्याइतके मोठे होतात. सरासरीच्या सूत्रात या चढउतारांना जागाच नाही. दुसरे कारण w स्थिर धरण्याचे: मेथनॉलचे हायड्रोजन बंध तापमानाप्रमाणे बदलतात, तेव्हा w ही बदलणार. ट्रायएथिलअमाइन आणि पाणी ही जोडी तर तापवल्यावर वेगळी होते. स्थिर w मधून ते कधीच निघणार नाही.

आता उलट बाजूने बघा. 25 अंशांची खरी संघटने घेऊन A काढला तर 0.13 वरून 2.57 येतो आणि 0.83 वरून 2.40. दोन उत्तरे आली म्हणजे वक्र पुरता सममित नाही. ही तपासणी कोणत्याही नव्या जोडीवर आधी करा. दोन्ही A मध्ये इतपतच फरक असेल तर एकपदी सूत्र चालवून घेता येते. एक दुसऱ्याच्या दीडपट आला तर सूत्र सोडा, दोन पदांचे घ्या. इथे सरासरी 2.48 धरली तर Tc = A·T/2 = सुमारे 370 केल्विन, म्हणजे 97 अंश! खरे उत्तर 45, आणि 97 च्या खूप आधी मेथनॉल उकळून जाईल.

तेव्हा आकडा कामाप्रमाणे निवडायचा. तुर्भ्याच्या एखाद्या प्लँटमध्ये 25 ते 30 अंशांना चालणाऱ्या डिकँटरचे थर मोजायचे असतील तर 25 अंशांच्या संघटनांवरून काढलेला A, म्हणजे w सुमारे 6150, वापरा आणि त्यावरून क्रिटिकल तापमानाबद्दल एक अक्षर बोलू नका. ‘उन्हाळ्यात शेडमध्ये ठेवलेले मिश्रण एकसंध राहील का’ हा प्रश्न असेल तर 5296 फक्त माथ्यापुरता खरा. 45 च्या वर निर्धास्त, खाली त्याच्यावर विसंबू नका.

सुरुवातीच्या 5 अधिक 5 मिलीच्या नळीवर हे तपासा. तिच्यात मेथनॉल 0.73. w = 5296 घेतले तर सूत्राप्रमाणे ती 22 अंशांच्या वर एकसंध असायला हवी, म्हणजे 25 अंशांच्या खोलीत स्वच्छ. w = 6150 घेतले तर 25 अंशांना एक थर 0.15 च्या आसपास, दुसरा 0.85 च्या आसपास, आणि 0.73 त्यांच्या मध्ये, म्हणजे दोन थर. नळी टेबलावर ठेवा, थर बसू द्या, आणि सीमारेषा कुठे आहे ते बघा.